बाळाची मोडकी झोप आणि दुधाची ॲलर्जी

गायीच्या दुधातली प्रथिने परकी आणि धोकादायक आहेत असे समजून बाळाची प्रतिकारशक्ती त्यांच्यावर उलटते, तेव्हा त्या विकाराला दुधाच्या प्रथिनांची ॲलर्जी म्हणतात. अंगावर पुरळ, उलट्या, शौचावाटे चिकट आव किंवा रक्त ही तिची ठळक लक्षणे डॉक्टरांच्या लगेच लक्षात येतात. याच ॲलर्जीमुळे काही बाळांची झोपही मोडते. बाळ दर तासा-दीड तासाने दचकून उठते, पाय पोटाशी घेऊन रडते, आडवे ठेवले की अस्वस्थ होते आणि पहाटे थकून झोपते. घरात त्याचा अर्थ दात येताहेत, पोट दुखतेय, दृष्ट लागली, नाहीतर दूध पुरत नाही असा लावला जातो. शेवटच्या तर्कावरचा उपाय म्हणजे आणखी दूध. कारण ॲलर्जीचे असेल, तर हा उपायच त्रास वाढवतो.

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत हे चक्र सहज सुरू होते, कारण तिथे दुधाची कमतरता नाही. कृष्णा-वारणेच्या काठची ऊसपट्ट्यातली गावे, भिलवडीसारखी १९३९ पासून दूध व्यवसायासाठी ओळखली जाणारी ठिकाणे, गावोगावच्या सहकारी दूध संस्था, दारातली म्हैस आणि माणदेशातली खिलार गाय यांमुळे दूध हे घरचे अन्न आहे. बाळंतिणीच्या आहारातही ते ठायी ठायी येते. अळिवाची खीर, शतावरी घातलेले दूध, तुपातले डिंकाचे लाडू, दिवसातून चार-पाच वेळा चहा आणि बारशाला आलेले साताऱ्याचे कंदी पेढे हा त्या आहाराचा नेहमीचा भाग. बहुतेक आयांना आणि बाळांना त्याने काहीच होत नाही. ज्या थोड्या बाळांना होते, त्यांच्या बाबतीत दुधावर संशय घ्यायला मात्र घरातले कोणी सहसा तयार नसते.

ॲलर्जी आणि दूध न पचणे

एक गोंधळ आधीच दूर करायला हवा. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, न पचण्याचा त्रास वेगळा आणि प्रथिनांची ॲलर्जी वेगळी. लॅक्टोज पचवणारे विकर कमी पडले की पोट फुगते, पातळ आणि आंबट वासाचे शौच होते. जुलाबाच्या आजारानंतर बाळांना हा त्रास काही आठवडे होऊ शकतो, पण प्रतिकारशक्तीचा त्यात काही भाग नसतो. आईच्या दुधात लॅक्टोज भरपूर असते आणि आईने काहीही खाल्ले तरी ते तेवढेच राहते. म्हणून झोप मोडलेल्या बाळाला ‘लॅक्टोज-फ्री’ पावडर देऊन ॲलर्जीवर उपाय केला असे समजणे चुकीचे आहे. त्या पावडरीतही गायीच्या दुधाचीच प्रथिने असतात.

ॲलर्जी ज्यांच्यामुळे होते ती प्रथिने दोन गटांची आहेत. गायीच्या दुधातल्या प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के केसीन असते आणि बाकीची दूध फाटल्यावर उरणाऱ्या पाण्यात राहणारी. या दुसऱ्या गटातले बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन हे प्रथिन माणसाच्या दुधात मुळात नसते. आई गायीचे दूध प्यायली, तर त्याचा अतिशय सूक्ष्म अंश तिच्या अंगावरच्या दुधात उतरतो. बहुतेक बाळांना त्याने काही होत नाही, संवेदनशील बाळाला मात्र तेवढाही पुरू शकतो. केसीन उष्णतेला सहसा दाद देत नाही, त्यामुळे दूध उकळून, साय काढून किंवा अर्धे पाणी घालून ॲलर्जी टळत नाही. दही आणि ताकातही ही प्रथिने राहतात.

‘गायीचे दूध’ असे नाव असल्यामुळे म्हशीचे चालेल, शेळीचे हलके असते, देशी गायीचे तर औषधच, असे सल्ले मिळतात. ते तपासून पाहावे लागतात. म्हैस, शेळी आणि मेंढी यांच्या दुधातली प्रथिने गायीच्या प्रथिनांशी इतकी मिळतीजुळती असतात, की गायीच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या बहुतेक बाळांना त्यांचाही त्रास होतो. खिलार किंवा गीर गायीच्या ए-टू दुधाचा फरक बीटा-केसीनच्या लांब साखळीतल्या एका अमिनो आम्लापुरता आहे. बाकीची सगळी प्रथिने तीच असल्याने ॲलर्जी असलेल्या बाळासाठी हे दूध सुरक्षित ठरत नाही.

दोन तऱ्हा

ही ॲलर्जी दोन रीतींनी दिसते. पहिली तातडीची. दूध पोटात गेल्यावर काही मिनिटांत, फार तर दोन तासांत अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, उलटी होते, क्वचित श्वास अडकतो. ही आयजीई नावाच्या प्रतिद्रव्यामुळे होते आणि रक्ताच्या किंवा त्वचेच्या चाचणीत सहसा सापडते. दुसरी उशिराची, आयजीईशिवाय होणारी. तिची लक्षणे काही तासांनी, कधी दोन-तीन दिवसांनी दिसतात: सतत गुळण्या टाकणे, शौचात आव, रक्ताचे धागे, हट्टी बद्धकोष्ठता, गालांवर आणि कोपरांच्या घडीत खाजरी चकंदळे. या तऱ्हेसाठी रक्ताची कोणतीही चाचणी नाही. आयजीई तपासणी नकारात्मक आली म्हणून दुधाची ॲलर्जी नाही असा निष्कर्ष काढता येत नाही. बाजारात मिळणाऱ्या आयजीजी चाचण्यांच्या लांबलचक याद्यांवरून निदान करणे तर निरर्थकच, कारण आयजीजी हे अन्न पोटात गेल्याची खूण आहे, ॲलर्जीची नाही.

झोपेचा त्रास मुख्यतः दुसऱ्या तऱ्हेतून येतो आणि त्याचे मार्ग उघड आहेत. खाज रात्री अंथरुणाच्या उबेत वाढते. आडवे झाल्यावर जठरातले दूध अन्ननलिकेत परत येते आणि जळजळ होते. मोठ्या आतड्याला सूज असली की गॅस आणि कळ यांनी बाळ आक्रसते. तान्ह्या बाळाच्या झोपेत हलक्या, स्वप्नांच्या झोपेचा वाटा मोठा असतो. दर तासाभराने ते जागेपणाच्या काठावर येते आणि आराम असेल तर पुन्हा झोपते. खाज किंवा कळ असली की त्याच क्षणी पूर्ण जागे होते. ॲलर्जीत सुटणारे हिस्टामिन मेंदूत जागेपणाशी जोडलेले आहे, त्यामुळे त्याचाही थोडा हात असेल असा तर्क मांडला जातो. पण खाज आणि पोट ही दोन कारणे समोर असताना त्या तर्काची गरज फारशी पडत नाही.

ब्रुसेल्सचे प्रयोग

दूध आणि झोप यांचा संबंध पहिल्यांदा नीट तपासला तो बेल्जियमच्या ब्रुसेल्समधल्या आंद्रे कान या बालरोगतज्ज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. त्याआधी स्वीडनमध्ये याकोब्सन आणि लिंडबर्ग यांनी १९७८ मध्ये दाखवून दिले होते, की पोटदुखीने रडणाऱ्या, अंगावर पिणाऱ्या १८ बाळांच्या आयांनी दूध सोडले तेव्हा १३ बाळांचे रडणे थांबले. कान यांनी हाच धागा झोपेकडे नेला. १९८५ मध्ये त्यांनी निद्रानाश असलेल्या बाळांचा पहिला छोटा अहवाल प्रसिद्ध केला आणि १९८९ मध्ये मोठा, जास्त काटेकोर अभ्यास.

या दुसऱ्या अभ्यासाची रचना मुद्दाम पाहण्यासारखी आहे. रात्री सतत उठून रडणारी पाच वर्षांखालची १४६ मुले झोपेच्या दवाखान्यात आली होती. त्यांतली बहुतेक सवयीमुळे किंवा दुसऱ्या ओळखता येणाऱ्या कारणामुळे जागत होती. कोणतेच कारण न सापडलेली १७ मुले उरली. त्यांच्या आहारातून गायीचे दूध पूर्ण काढले, तेव्हा एक मूल सोडून बाकीच्यांची झोप काही आठवड्यांत सुधारली. त्यानंतर, काय दिले आहे हे पालकांनाही माहीत नाही आणि डॉक्टरांनाही माहीत नाही, अशा पद्धतीने दूध परत दिले गेले आणि निद्रानाश परतला.

या अभ्यासातून दोन गोष्टी एकाच वेळी कळतात. दूध हे निद्रानाशाचे खरे कारण असू शकते आणि ते असते तेव्हा बदल ठळक दिसतो. पण ती १७ मुले म्हणजे सगळी जागणारी मुले नव्हती. बाकीची सगळी कारणे बाजूला काढल्यावर उरलेली ती मूठभर मुले होती, तीही तज्ज्ञांकडे पाठवण्याइतपत त्रस्त. गावातल्या कुठल्याही जागणाऱ्या बाळाला हे प्रमाण लावता येणार नाही.

प्रमाण आणि अतिनिदान

युरोपातल्या नऊ देशांत जन्मापासून पाहिलेल्या बाळांत प्रत्यक्ष दूध देऊन सिद्ध झालेली ॲलर्जी सुमारे अर्धा टक्काच निघाली. डेन्मार्कमधल्या ओडेन्स शहरात १९८५ मध्ये जन्मलेल्या १,७४९ बाळांच्या प्रसिद्ध पाहणीत ती २.२ टक्के होती आणि फक्त अंगावर पिणाऱ्या बाळांत अर्ध्या टक्क्याच्या आसपास. रात्री जागणे मात्र अगदी सर्रास आहे. सहा महिन्यांच्या बाळांपैकी सुमारे ३८ टक्के सलग सहा तासही झोपत नाहीत, असे कॅनडातल्या २०१८ च्या अभ्यासात दिसले. त्या बाळांची वाढ आणि विकास झोपणाऱ्या बाळांइतकाच नीट होता. एवढ्या मोठ्या गर्दीत ॲलर्जीची बाळे फार थोडी असणार, हे गणितच सांगते.

म्हणून अलीकडच्या दशकात चिंता उलट्या बाजूने व्यक्त होते आहे. सौम्य आणि नेहमीच्या तक्रारींना ॲलर्जीचे नाव देऊन आयांना दूध सोडायला लावणे आणि बाळाला महागड्या खास पावडरीवर टाकणे वाढले आहे, अशी टीका ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी वैद्यकीय नियतकालिकांत केली आहे. ती योग्य आहे. ॲलर्जीचा संशय मोजण्यासाठी वापरली जाणारी ‘कॉमिस’ ही गुणपत्रिकासुद्धा रडणे, गुळण्या, शौच, त्वचा आणि श्वास या पाच गोष्टींना गुण देते. झोपेला तिच्यात रकानाच नाही. एकट्या जागण्यावरून ही ॲलर्जी ओळखता येत नाही, त्याच्या जोडीला दुसरे काहीतरी असावे लागते.

सातारा-सांगलीत तर झोप मोडणारे एक कारण दुधाच्या ॲलर्जीपेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात सापडते, ते म्हणजे लोहाची कमतरता. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या दोन-तृतीयांशाहून अधिक मुलांत रक्त कमी आढळले. लोह कमी असलेले बाळ झोपेत पाय झाडते, कूस बदलत राहते, चिडचिडे असते. आणि त्यातही दुधाचा हात असतो. गायी-म्हशीच्या दुधात लोह नगण्य असते आणि वर्षाच्या आत ते भरपूर दिल्यास आतड्यातून डोळ्यांना न दिसणारे रक्त थोडे थोडे जाऊ शकते. दुधाने झोप मोडली असेल, पण ॲलर्जीने नव्हे, असे अनेकदा घडते. नाक चोंदणे, कानाचा दाह, खरूज, उन्हाळ्याच्या रात्री कपड्यांत जास्त गुंडाळणे हीसुद्धा याच रांगेतली कारणे, आणि ती आधी पाहायला हवीत.

संशय कधी घ्यावा

जन्मानंतरचे पहिले काही दिवस या कथेत महत्त्वाचे ठरतात. ओडेन्सच्या पाहणीत, फक्त अंगावर पिताना ॲलर्जी झालेल्या प्रत्येक बाळाला जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत दवाखान्यात वरच्या दुधाची पावडर मिळालेली होती, हे नंतर नोंदी पाहताना उघड झाले. सिझेरियननंतर दूध उतरेपर्यंत एक-दोन दिवस बाळाला पावडर पाजण्याची पद्धत आपल्याकडेही सरसकट आहे आणि ती गोष्ट पुढे आईला आठवतही नाही. डॉक्टरांनी ती मुद्दाम विचारायला हवी. आई-वडील किंवा भावंडाला दमा, खाजरा इसब किंवा अन्नाची ॲलर्जी असणे हा दुसरा धागा.

झोपेच्या जोडीला पुढच्यांपैकी दोन-तीन गोष्टी असतील, तर संशय बळावतो: शौचात आव किंवा रक्ताचे धागे, पुष्कळ गुळण्या आणि पाजताना मागे वाकून रडणे, हट्टी इसब, वजन न वाढणे, वरचे दूध सुरू केल्यापासून एक-दोन आठवड्यांत त्रास सुरू होणे. दिवसा आनंदी, अंगाने भरलेले, कातडी स्वच्छ असलेले आणि फक्त रात्री उठून छातीशी आले की लगेच झोपणारे बाळ या विकाराचे नाही. ते निरोगी आहे, त्याची सवय तेवढी तशी आहे.

काढणे आणि परत देणे

उशिराच्या तऱ्हेचे निदान एकाच पद्धतीने होते. दूध पूर्ण काढायचे, सुधारणा पाहायची, मग मुद्दाम परत द्यायचे आणि त्रास परततो का ते पाहायचे. युरोपीय बालपोटविकार संघटनेच्या २०१२ च्या आणि नंतर सुधारलेल्या मार्गदर्शिकेत, तसेच भारतीय तज्ज्ञांनी २०२० मध्ये ‘इंडियन पीडियाट्रिक्स’मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत हाच कणा आहे. दुसरा टप्पा जवळपास सगळे गाळतात. बाळ सुधारले, आता कशाला पुन्हा दूध देऊन त्रास द्यायचा, असे घरच्यांना वाटणे साहजिक आहे. पण पाच-सहा महिन्यांच्या बाळाची झोप चार आठवड्यांत आपोआपही सुधारते. दूध परत दिल्याशिवाय ही सुधारणा कशाने झाली ते कळत नाही. परत न देता केलेले निदान अपुरे असते.

सुरुवात वहीने होते. दूध काढण्याआधी एक आठवडा रोज रात्री किती वाजता झोपले, किती वेळा उठले, काय दिल्यावर झोपले, शौच कसे होते, अंगावर काय दिसले, हे साध्या रकान्यांत लिहायचे. आठवणीवर विसंबू नये. झोप न झालेल्या आईला पाच वेळा आणि आठ वेळा उठणे सारखेच वाटते.

बाळ अंगावर पीत असेल, तर अंगावरचे पाजणे थांबवायचे नाही. दूध आईने सोडायचे. चहातले, दही, ताक, लोणी, पनीर, खवा, पेढा, खीर, श्रीखंड, आणि प्रयोगाच्या आठवड्यांपुरते तूपसुद्धा, कारण घरच्या तुपात प्रथिनांचा अंश राहू शकतो. बिस्किटे, पाव, टोस्ट, फरसाण, मिठाई यांत दुधाची भुकटी लपलेली असते. पाकिटावरचा हिरवा ठिपका इथे काहीच सांगत नाही, कारण दूध शाकाहारी गणले जाते. घटकांच्या यादीत आणि खाली दिलेल्या ॲलर्जीच्या सूचनेत दूध लिहिलेले असते, कारण तसे लिहिणे अन्नसुरक्षा नियमांनुसार बंधनकारक आहे. तिथेच पाहावे लागते. या काळात आईला दिवसाला सुमारे १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व मिळायला हवे. सरकारी आरोग्य केंद्रातून बाळंतिणीला पहिले सहा महिने दिवसातून दोनदा ५०० मिलिग्रॅमच्या कॅल्शियमच्या गोळ्या देण्याची तरतूद आहेच, त्या घ्याव्यात. नाचणीची भाकरी, तिळाची चटणी, राजगिरा यांची भर पडली तर उत्तम.

वरच्या दुधावर असलेल्या बाळाचा प्रश्न जास्त अवघड आहे. त्याला प्रथिने बारीक तुकड्यांत तोडलेली खास पावडर लागते. ती नेहमीच्या पावडरीपेक्षा खूप महाग असते आणि चवीला कडवट, त्यामुळे बाळ पहिले काही दिवस नाकारते. सहा महिन्यांपुढच्या बाळासाठी सोयाबीनची शिशुपावडर हा स्वस्त पर्याय भारतीय तज्ज्ञ मान्य करतात, मात्र काही बाळांना सोयाचीही ॲलर्जी निघते. अमिनो आम्लांची पावडर फक्त गंभीर त्रासासाठी. घरी केलेले सोयादूध, बदामाचे किंवा नारळाचे दूध, तांदळाची पेज यांनी आईच्या दुधाची जागा भरत नाही. त्यांवर ठेवलेले बाळ काही आठवड्यांत सुकते.

दोन ते चार आठवडे हा काळ पुरतो. शौच आणि गुळण्या सहसा दोन आठवड्यांत सुधारतात, इसबाला चार लागतात. झोप सगळ्यांत शेवटी सुधारते, कारण खाज गेली तरी उठून पिण्याची सवय मागे राहते. चार आठवड्यांत कशातच बदल नसेल, तर दूध परत सुरू करायचे आणि कारण दुसरीकडे शोधायचे. आईला अर्धवट उपाशी ठेवून एकेक पदार्थ वगळत जाण्याने बहुतेक वेळा काही हाती लागत नाही.

परत देताना वेग ठरलेला असावा. आईने पहिल्या दिवशी चहातले दूध, मग रोज थोडे वाढवत आठवड्याच्या शेवटी नेहमीइतके घ्यावे. वरच्या दुधावरच्या बाळाला पहिल्या दिवशी ३० मिलिलिटर नेहमीची पावडर, दुसऱ्या दिवशी ६०, असे वाढवत जातात. हे घरी करायला हरकत नाही, पण फक्त उशिराच्या, सौम्य लक्षणांच्या बाळात. दूध पाजल्यावर लगेच गांधी, सूज किंवा श्वासाचा त्रास झालेले बाळ, तसेच एक ते चार तासांनी वारंवार उलट्या होऊन निपचित पडलेले बाळ, यांना दूध परत देणे इस्पितळातच व्हायला हवे.

दोन प्रातिनिधिक उदाहरणे

पलूस तालुक्यातल्या एखाद्या गावातली सात महिन्यांची मुलगी धरू. सिझेरियननंतर पहिले दोन दिवस पावडर, मग अंगावरचे दूध. चौथ्या महिन्यात दूध पुरत नाही असे वाटून रात्री अर्धे पाणी घातलेल्या म्हशीच्या दुधाची बाटली सुरू झाली. तीन आठवड्यांत गालांवर लाल चकंदळे, शौचात आव आणि रात्री सहा-सात वेळा उठणे. ग्राइप वॉटर झाले, जायफळ उगाळून चाटवले. जायफळाने गुंगी येते म्हणून बाळ काही रात्री शांत वाटले, पण त्याची मात्रा घरी मोजता येत नाही आणि तान्ह्या बाळाला ती घातक ठरू शकते. बाटली वाढवली, तर जागणेही वाढले.

डॉक्टरांनी वजन आणि हिमोग्लोबिन पाहिले, आठवड्याची वही लिहून घेतली. बाटली बंद करून अंगावर पाजणे वाढवले. दिवसा पाण्यात शिजवलेले नाचणीसत्त्व, मऊ भात-वरण, शिजवून कुस्करलेली भाजी दिली. आईने दूध सोडले. बाराव्या दिवशी आव गेली, तिसऱ्या आठवड्यात गाल फिके पडले, चौथ्याच्या अखेरीस उठणे तीनवर आले. मग आईने दूध परत सुरू केले. तिसऱ्या दिवशी आव, चौथ्या रात्री पाच वेळा उठणे. दूध थांबवल्यावर आठवड्यात पुन्हा आराम. चढ-उतार दोन वेळा, एकाच दिशेने आणि एकापेक्षा जास्त लक्षणांत दिसला, म्हणून निदान ठाम झाले. उरलेले तीन वेळा उठणे सवयीचे आहे, त्यासाठी आणखी काही वगळायची गरज नाही.

आता खटाव तालुक्यातला नऊ महिन्यांचा मुलगा धरू. दिवसातून पाऊण लिटर गायीचे दूध, वरचे अन्न नावापुरते, फिकट चेहरा, झोपेत पाय झाडणे, रात्री पाच वेळा उठणे. कातडी स्वच्छ, शौच घट्ट. घरच्यांनी दूध बंद केले आणि खिचडी, अंडे, भाकरीचा काला वाढला. महिन्याभरात झोप बरी झाली आणि ॲलर्जीवर शिक्कामोर्तब झाले. पण हिमोग्लोबिन कमी निघाल्यावर डॉक्टरांनी लोहाचे थेंब सुरू केले आणि थोडे दूध परत द्यायला सांगितले. आठवडाभर काहीच झाले नाही. त्याला ॲलर्जी नव्हतीच. पोट दुधाने भरून लोहाचे अन्न मागे पडले होते. दूध परत दिले नसते, तर या मुलाला पुढची दोन-तीन वर्षे दही-ताकाशिवाय काढावी लागली असती.

पुढे काय

निदान ठाम झाल्यावर दूध किमान सहा महिने किंवा बाळ नऊ ते बारा महिन्यांचे होईपर्यंत बंद ठेवतात. नंतर पायरी-पायरीने परत देतात. सुरुवात भाजलेल्या, दुधाची भुकटी असलेल्या बिस्किटाच्या चिमूटभर तुकड्याने, कारण मैद्याबरोबर जास्त वेळ भाजल्यावर प्रथिनांचा उपद्रव कमी होतो. ते सोसले की केक किंवा पाव, मग दही, शेवटी साधे दूध. एखाद्या पायरीवर त्रास झाला तर मागच्या पायरीवर यायचे आणि काही महिन्यांनी पुन्हा प्रयत्न करायचा. तातडीच्या तऱ्हेच्या बाळात हे सगळे डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

ही ॲलर्जी बहुतेक मुलांत जाते. ओडेन्सच्या ॲलर्जी असलेल्या मुलांपैकी ५६ टक्के एक वर्षाची होईपर्यंत, ७७ टक्के दोन वर्षांची होईपर्यंत आणि ८७ टक्के तीन वर्षांची होईपर्यंत बरी झाली. आयजीईशिवाय होणारी ॲलर्जी आणखी लवकर आणि आणखी पूर्णपणे जाते. म्हणून दर सहा महिन्यांनी तपासून पाहणे हा उपचाराचाच भाग आहे, आणि एकदा लागलेले पथ्य कायमचे धरून ठेवणे चूक आहे.

रात्री जागणाऱ्या बाळाला घेऊन दवाखान्यात येणाऱ्या पालकांनी तीन गोष्टी सोबत आणाव्यात: आठवड्याची वही, बाळाला जन्मापासून दिलेल्या प्रत्येक दुधाची माहिती, आणि शौचाचा मोबाइलवर काढलेला फोटो. रक्ताच्या महागड्या चाचण्यांपेक्षा या तिन्हींवरून डॉक्टरांना जास्त कळते.